नोंदीतला जुलै, टिपणातला ज्येष्ठ

प्रश्न: फोंडा महालातली आजोबांच्या जन्माची पोर्तुगीज नोंद काढली आहे. अक्षर वळणदार असल्यामुळे महिना जून की जुलै आणि वर्ष २६ की २७ ते ठरत नाही. नाव ‘विटोल’ असे दिसते. घरात मोडीत लिहिलेले जन्मटिपणही सापडले, पण त्यात नाव भिकाजी आणि वार शुक्रवार आहे. नोंदीतली तारीख शनिवारी येते. हे दोन वेगळे इसम आहेत का? खरे काय धरायचे? दोन्ही कागदांतल्या ओळी उतरून पाठवल्या आहेत, नोंदीचे छायाचित्रही जोडले आहे.

उत्तर:

इसम एकच आहे आणि दोन्ही कागद खरे आहेत. जन्म २६ जून १९२६ च्या पहाटे दोनचा. आता हे कशावरून म्हणतो ते सांगतो, म्हणजे तुमच्या पणजोबांची नोंद वाचताना तुम्हाला कुणाला विचारावे लागणार नाही.

आधी पोर्तुगीज नोंद घेऊ. अशा नोंदीची सुरुवात ज्या तारखेने होते ती जन्मतारीख नसते. कचेरीत येऊन नोंद लिहवून घेतली तो तो दिवस. तुमच्या नोंदीत पहिल्या ओळीत ‘बारा’ आहे, पुढे महिना, पुढे अक्षरी वर्ष. त्यानंतर कोण हजर झाला त्याचे नाव येते. हा खबर देणारा माणूस असतो. कधी बाप, कधी चुलता, कधी शेजारी. घाईत वाचणारे पहिली तारीख जन्माची आणि पहिले नाव बापाचे समजून मोकळे होतात. गोव्यातल्या कितीतरी घरांत आजोबांचा वाढदिवस दहा-पंधरा दिवस पुढे गेला आहे तो या एका सवयीमुळे. खरी जन्माची तारीख मधल्या ओळीत असते, वेळेसह, आणि तिथे बहुतेक वेळा महिन्याचे नावच नसते. ‘दु कोर्रेंत’ असेल तर चालू महिना, ‘दु मेज फिंदु’ असेल तर सरलेला महिना. तुमच्याकडे ‘सव्वीस, सरलेल्या महिन्याचा’ असे आहे. तिथे तुम्ही ‘कोर्रेंत’ तर वाचले नाही ना, ही शंका लगेच फेडता येते: नोंद बारा तारखेची आहे, आणि बारा तारखेला बसून त्याच महिन्याच्या सव्वीस तारखेचा जन्म कुणी नोंदवू शकत नाही. म्हणजे ‘फिंदु’च.

याचा अर्थ सगळा भार पहिल्या ओळीतल्या महिन्यावर पडला. तो जून असेल तर जन्म २६ मे. तो जुलै असेल तर जन्म २६ जून.

पोर्तुगीजमध्ये जून म्हणजे ‘जुन्यो’ आणि जुलै म्हणजे ‘जुल्यो’. लिहिताना दोहोंत फरक फक्त मधल्या एका अक्षराचा: एकात रोमी एन, दुसऱ्यात एल. दोहोंच्या पुढे एच आहेच. एन बसके, दोन वाटोळ्या कमानींचे, आणि एल एच सारखे उंच. म्हणून नियम सोपा दिसतो. मधे एकच उंच काठी असेल तर जून, दोन उंच काठ्या शेजारी असतील तर जुलै. पण कारकुनाचा हात वेगात असला की एल निम्म्या उंचीवर थांबतो, आणि एनची पहिली कमान कधी उगीच वर जाते. तेव्हा तो शब्द एकटा घेऊन डोळे फोडण्यात काही अर्थ नाही. त्याच हाताने, त्याच पानावर, एल-एच आणि एन-एच आणखी कुठे लिहिले आहे ते शोधायचे. आणि इथे पोर्तुगीज नोंदीचा ठरीव साचा आपल्या बाजूने उभा राहतो.

प्रत्येक जन्मनोंदीत ‘फिल्यो’, म्हणजे मुलगा, किंवा ‘फिल्या’, म्हणजे मुलगी, हा शब्द असतोच. त्यात एल-एच आहे. प्रत्येक नोंदीत शेवटी साक्षीदार येतात, ‘तेस्तमुन्यस’. त्यात एन-एच आहे. तुमच्या नोंदीत पहाटे दोनची वेळ सकाळची म्हणून लिहिली आहे, म्हणून ‘मान्यां’, म्हणजे सकाळ, हाही शब्द आहे, त्यातही एन-एच. म्हणजे जून-जुलैचा निकाल लावायला लागणारे दोन्ही नमुने त्याच पानावर हजर आहेत, आणि ते शब्द कोणते आहेत याबद्दल वाद नाही. ‘फिल्यो’मधला एल कसा चढतो ते पाहा, ‘मान्यां’मधला एन कुठे संपून एच कुठे सुरू होतो ते पाहा, मग महिन्याच्या शब्दाकडे या. तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रात ‘फिल्यो’च्या एलला वर बारीक डोळा आहे आणि महिन्याच्या शब्दातही दोन्ही काठ्यांना तसाच डोळा आहे. ‘मान्यां’मध्ये डोळा एकच, तो एचचा. मी जुलै वाचतो.

हीच रीत कोणत्याही अक्षराला लावता येते. माझी सवय अशी आहे की नवा हात समोर आला की नाव वाचायला जातच नाही. आधी साच्यातले शब्द आणि गावांची नावे वाचतो. फोंडा महालातल्या नोंदीत बांदोडे, कवळे, प्रियोळ, कुंडई, मडकई यांपैकी काहीतरी निघतेच. गाव कुठले ते आपल्याला ठाऊक असते, म्हणून त्यातले प्रत्येक अक्षर खात्रीचे. कागदाचा एक तुकडा घेऊन त्यावर त्या कारकुनाचा ए, त्याचा आर, त्याचा टी काढून ठेवायचे. अनोळखी शब्दाला हात घालायचा तो या तुकड्यासकट. पान पुरत नसेल तर त्याच रजिस्टराचे मागचे-पुढचे पान मागा. हात तोच असतो, आणि महिन्याचा क्रमही कळतो. बाराच्या नोंदीआधी जर ‘जुल्यो’च्या चार आणि नऊ तारखेच्या नोंदी असतील तर विषयच मिटला. ही तपासणी सर्वांत स्वस्त आहे आणि लोक सर्वांत शेवटी करतात, का ते मला कधी कळले नाही.

आता वर्ष. सहा म्हणजे ‘सेइस’, सात म्हणजे ‘सेत’. दोहोंची सुरुवात एकच. फरक दोन ठिकाणी असायला हवा: सहामध्ये आयवरचा टिंब, सातमध्ये टीची आडवी रेघ. पण वळणदार लेखनात टिंब आणि आडवी रेघ ही शब्द पुरा झाल्यावर मागाहून मारलेली असतात. हात पुढे गेलेला असतो, म्हणून ती आपल्या अक्षरावर न पडता पुढच्या अक्षरावर, कधी पुढच्या शब्दावर पडतात. वरच्या ओळीतून खाली आलेली शेपटी टीची रेघ वाटते ती वेगळीच. म्हणून मी वरच्या खुणांवर विसंबत नाही, शब्दाचे शेवटचे अक्षर पाहतो. ‘सेइस’ एसवर संपतो, ‘सेत’ ईवर. ओळीच्या शेवटी कारकून कितीही घसरला तरी एसचा खाली वळलेला आकडा आणि ईचा उघडा डोळा सहसा वेगळे राहतात. मग टीची उंची: टी, आडवी रेघ नसली तरी, शेजारच्या अक्षरांपेक्षा थोडी वर असते. तुमच्या नोंदीत शेवट एसचा दिसतो. तरी एवढ्यावर १९२६ असे लिहून मोकळे होऊ नका, कारण याची पक्की तपासणी तुमच्या घरातच पडली आहे.

मागे गेलात तर हाच गोंधळ मोठ्या आकड्यात भेटेल. साठ म्हणजे ‘सेसेंता’, सत्तर म्हणजे ‘सेतेंता’. एकोणिसाव्या शतकातल्या हातांत जोडीने येणाऱ्या दोन एसपैकी पहिला लांब, खाली लोंबणारा, एफसारखा लिहितात, तेव्हा साठ लगेच ओळखू येतो. लांब एस नसेल तर मात्र दहा वर्षांची चूक सहज होते. आणखी एक खोडी: जुन्या कागदांत महिना आकड्याने लिहून पुढे बारीक ‘ब्रो’ असे वर काढलेले असते. सातापुढे ‘ब्रो’ म्हणजे सप्टेंबर. जुलै नव्हे. आठापुढे ऑक्टोबर, नवापुढे नोव्हेंबर, दहा किंवा रोमी एक्सपुढे डिसेंबर. लॅटिनमधल्या सात, आठ, नऊ, दहा या नावांवरून ते महिने आले आहेत. आपण जुलैला सातवा महिना म्हणतो, म्हणून फसतो.

आता टिपण. घरात जन्मलेल्या मुलाचे टिपण कुणा भटजींनी किंवा घरातल्या जाणत्याने करून ठेवलेले असते, आणि ते जन्माच्या दोन-चार दिवसांत लिहिलेले असते. कचेरीतली नोंद पंधरा दिवसांनी, तोंडी सांगण्यावरून होते. म्हणून वेळ आणि दिवस यांबाबत माझा कल टिपणाकडे असतो, बापाचे नाव, आजाचे नाव आणि गाव यांबाबत नोंदीकडे.

मोडी वाचताना तुम्ही उतरवलेला पाठ असा: ‘शके १८४८ क्षय नाम संवत्सरे ज्येष्ठ शु॥ १५ भृगुवासरे’. शकाचा शेवटचा आकडा ८ की ९ याबद्दल तुम्ही शंका लिहिली आहे. मोडीत एका रेघेखाली सगळे जोडून जाते, शब्द तुटत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत आणि आकडाही शेजारच्या अक्षराला चिकटतो. तेव्हा आकडा धरून बसण्यापेक्षा संवत्सराचे नाव धरा. साठ संवत्सरे ठरलेल्या क्रमाने येतात, प्रभव पहिला, क्षय साठावा. शकात १२ मिळवून ६० ने भागले की बाकी राहते ती संवत्सराचा क्रमांक. १८४८ मध्ये १२ मिळवले की १८६०, बाकी शून्य, म्हणजे साठावा, क्षय. १८४९ असते तर बाकी एक उरून प्रभव आला असता. ‘क्षय’ आणि ‘प्रभव’ हे शब्द कुठल्याही हातात एकमेकांसारखे दिसत नाहीत. म्हणजे शके १८४८. ज्येष्ठात शकात ७८ मिळवायचे, आले १९२६. (पौष-माघ-फाल्गुनात इंग्रजी वर्ष बदललेले असू शकते, तेव्हा ७९ मिळवावे लागतात. फाल्गुनातल्या जन्माला लोक हमखास एक वर्ष मोठे करतात.)

वाराच्या नावाकडे नीट लक्ष द्या. टिपणात वार पंचांगातल्या नावाने येतो. भृगुवासर शुक्रवार, मंदवासर शनिवार, भौमवासर मंगळवार, भानुवासर रविवार. यातला खरा खड्डा आहे सौम्यवासर: तो बुधवार. सोमवारी इंदुवासर किंवा सोमवासर लिहितात. मोडीत वरची मात्रा पुसट झाली की ‘सौम्य’चा ‘सोम’ व्हायला वेळ लागत नाही, आणि मग वाचणारा दोन दिवस मागे जातो. तुमच्याकडे भृगु आहे, त्यात वाद नाही. तिथीच्या आधी येणारी ‘शु॥’ आणि ‘व॥’ ही शुद्ध-वद्याची खूणही अशीच तपासून घ्या. एक आडवा आधार: वद्यातली शेवटची तिथी ३० लिहितात, १५ फक्त पौर्णिमेला. १५ दिसली की पक्ष आपोआप ठरतो.

आता दोन्ही कागद एकमेकांवर ठेवू. नोंद म्हणते २६ तारीख, पहाटे दोन. महिना मे किंवा जून, वर्ष १९२६ किंवा १९२७. टिपण म्हणते ज्येष्ठी पौर्णिमा, शुक्रवार.

२६ जून १९२६ हा इंग्रजी हिशेबाने शनिवार. इथेच तुम्ही अडलात. पण पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि दुसऱ्या सूर्योदयाला संपतो. पहाटे दोनला शनिवार अजून उजाडलेला नसतो, शुक्रवारची रात्र चालू असते. कचेरीने मध्यरात्रीनंतरची तारीख लिहिली, भटजींनी शुक्रवार लिहिला, आणि दोघेही बरोबर. पौर्णिमेचे काय? त्या महिन्यात पूर्ण चंद्र भारतीय वेळेप्रमाणे २६ जूनला पहाटे पावणेतीनच्या सुमाराला झाला. म्हणजे शुक्रवारच्या सूर्योदयाला पौर्णिमा होती आणि पहाटे दोनलाही होती. टिपण तंतोतंत बसते.

आता उरलेले पर्याय मोडून पाहू, कारण एक पर्याय बसला म्हणजे दुसरे पडले असे होत नाही. महिना मे धरला तर २६ मे १९२६ पहाटे दोन म्हणजे पंचांगाचा मंगळवार. शुक्रवार नाही. पौर्णिमाही २७ मेला, आणि महिना वैशाख. तरी बघा, तिथी फार लांब गेली नाही: पौर्णिमेच्या एक-दोन दिवस आधीची. चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा, त्यामुळे एक इंग्रजी महिना मागे-पुढे झाल्याने तिथी जेमतेम एक-दोन घरे सरकते. वाचणारा ‘पौर्णिमेच्या जवळपास’ एवढ्यावर समाधान मानून चुकीचा महिना पक्का करतो. महिन्याच्या संशयात तिथीचा उपयोग कमी, वाराचा जास्त: महिना ३० दिवसांचा असेल तर वार दोनाने सरकतो, ३१ चा असेल तर तीनाने.

वर्ष १९२७ धरले तर उलटे होते. २६ जून १९२७ पहाटे दोन म्हणजे पंचांगाचा शनिवार, वार फक्त एकाने हलला. सूर्योदयाचा नियम विसरून किंवा कारकुनाची चूक मानून माणूस एक वार सहज खपवून टाकतो. तिथी मात्र अकरा घरे सरकते. २९ जून १९२७ ला सूर्यग्रहण झाले होते, म्हणजे त्या दिवशी अमावास्या. मग तीन-चार दिवस आधी पौर्णिमा कशी असेल? वर्षाच्या संशयात तिथी उपयोगी, वार फारसा नाही. एवढा एक भेद हाताशी ठेवला तर घरच्या टिपणावरून नोंदीतला जवळपास कुठलाही तारखेचा संशय फोडता येतो. वार कोणता हे संगणकातल्या दिनदर्शिकेत पाहता येते. तिथीसाठी त्या वर्षाचे छापील पंचांग मिळाले तर उत्तम, नाहीतर चंद्राच्या कलांचे कोष्टक पुरते, मात्र त्यातली वेळ बहुधा लंडनची असते, तीत साडेपाच तास मिळवायला विसरू नका. तुमच्या बाबतीत पूर्ण चंद्राची वेळ तिथे २५ जूनला रात्री सव्वानऊच्या आसपास दिसेल.

नावाकडे वळू. भिकाजी आणि विठ्ठल हे दोन इसम नव्हेत. टिपणातले नाव हे राशीचे, पाळण्याआधी नक्षत्रावरून काढलेले. त्या पहाटे चंद्र मूळ नक्षत्रात होता, आणि मूळ नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरे ये, यो, भा, भी. म्हणून ‘भि’वरून भिकाजी. हाक मारायचे नाव कुलदेवतेवरून किंवा आजाच्या नावावरून ठेवत, तेच कचेरीत सांगत. उलट तुमचा संशय माझ्या दृष्टीने पुरावाच आहे: नावाचे आद्याक्षर नक्षत्राशी जुळते, नक्षत्र तारखेशी जुळते. टिपण दुसऱ्या कुणाचे असते तर हे जुळले नसते. टिपणात नक्षत्र लिहिलेले असेलच, तुम्ही ती ओळ पाठवली नाही. ‘मूळ’ आहे का तेवढे पाहा.

‘विटोल’ हे विठ्ठलच. पोर्तुगीज कारकून कानाने ऐकून लिहीत, आणि ऐकत ते आमच्या बोलीतले. कोंकणीत अ चा उच्चार गोल होतो, म्हणून रघुनाथाचा ‘रोगुनाता’, गणेशाचा ‘गोणेश’, प्रभूचा ‘पोरोबो’. ठ, घ, भ यांतला ह गळतो, कारण रोमी पोर्तुगीजला ते वेगळे दाखवायची गरज नव्हती. श साठी एक्स, म्हणून जिथे एक्स दिसेल तिथे ‘क्ष’ वाचू नका, शंभू, शेट, व्यंकटेश यांतला श वाचा. इ-ए पुढे क हवा असेल तर क्यू-यू: केशव, केणी, नायक या नावांत तो सापडतो. आणि शब्दाच्या शेवटी एम आला की तो म नव्हे, नाकातला उच्चार आहे. डिचोली, कुंडई, पैंगीण या गावांच्या रोमी रूपांच्या शेवटी एम आहे, पण आपण कुणी तो म म्हणून उच्चारत नाही. कामत आणि केणी यांच्या शेवटी तोच एम लागतो. तुम्ही आजीच्या बाजूला ‘रुक्मिनीम’ वाचले आहे, ती रुक्मिणी.

हे जाणून घेतल्यावर एक मोह होतो तो टाळा. नोंद उतरवताना तिथे ‘विठ्ठल’ लिहू नका. उतारा काढताना कारकुनाने जशी अक्षरे लिहिली तशीच ठेवायची, आपले वाचन वेगळ्या ओळीत. एखादे अक्षर संशयाचे असेल तर कंसात घालायचे, अजिबात न लागलेल्याच्या जागी टिंबे द्यायची. आज तुम्हाला ‘पोरोबो’ पक्के वाटले तरी उद्या दुसऱ्या नोंदीत त्याच घराचे दुसरे आडनाव निघू शकते. शेणवी घरांत ‘सिनाय’ पुढे मूळ आडनाव असते, आणि काही नोंदींत एकच कुठलेतरी लिहून कारकून मोकळा झालेला असतो. सरळ केलेल्या उताऱ्यावरून मागे जाता येत नाही.

नात्याच्या शब्दांत दोन गोष्टी अशा आहेत की चुकल्या तर घरात भांडण होईल. पहिली ‘नातुराल’. ‘फिल्यो’ला लागून ‘नातुराल’ आला तर आईबापांचे लग्न झालेले नव्हते असा अर्थ. पण बापाच्या किंवा आईच्या नावापुढे ‘नातुराल’ आणि मग गावाचे नाव आले तर तो किंवा ती त्या गावची, एवढेच. तुमच्या उताऱ्यात हा शब्द बांदोड्याआधी आहे आणि मुलापुढे ‘लेजितिमु’ आहे, तेव्हा निश्चिंत असा. दुसरी गोष्ट आजा आणि आजी. पोर्तुगीजमध्ये दोन्ही शब्दांत फरक फक्त शेवटच्या ओ वरच्या खुणेचा, आणि खुणा मागाहून मारलेल्या, कुठेही पडलेल्या. खुणेवरून ठरवू नका. नाव पुरुषाचे की बाईचे, आणि आधी बापाकडचे आजा-आजी मग आईकडचे, या क्रमावरून ठरवा.

आजाचे नाव मात्र नीट वाचून घ्या. आपल्याकडे आजाचे नाव नातवाला देतात, म्हणून एका घरात विठ्ठल रघुनाथ, त्याचा बाप रघुनाथ विठ्ठल, पुन्हा आजा विठ्ठल असा गोफ पडतो. तारीख बरोबर वाचून माणूस चुकीचा धरला असे इथे होते. सख्ख्या चुलत भावाचेही तेच नाव, तेच बापाचे नाव नसले तरी आडनाव-गाव तेच. आजी-आजोबांची चारही नावे जुळली तरच ती नोंद आपली म्हणायची. तुमच्या उताऱ्यात आईकडच्या आजीचे नाव टिंबांनी सोडले आहे. ते एक नाव लावून घ्या.

कचेरीतून घेतलेली प्रत टंकलिखित, चार ओळींची असेल तर ती पुरेशी नाही. ती कुणीतरी आधीच वाचलेली असते, आणि त्याने जून वाचला असेल तर तुमच्या हातात जूनच येणार. संपूर्ण नोंदीची हुबेहूब प्रत मागा, समासासकट. समासात पुढच्या काळातल्या टिपा असतात: लग्न, मृत्यू, नावातली दुरुस्ती. तुम्ही पाठवलेल्या छायाचित्राची डावी कड कापलेली आहे आणि तिथे शाईची दोन-तीन ओळींची शेपटे आत आलेली दिसतात. तिथे काहीतरी लिहिलेले आहे. नोंद तालुक्याच्या निबंधक कचेरीत असेल तर तिथून, रजिस्टर पणजीच्या पुराभिलेखात गेले असेल तर तिथून, तो समास पूर्ण मिळवा. तिथे पुन्हा एक तारीख असेल. ती वाचतानाही आधी बघायचे की ती घटनेची आहे की टीप लिहिल्याची. ती टीप बहुधा वेगळ्या कारकुनाची असेल, तेव्हा या पानावरून काढलेला अक्षरांचा तुकडा तिथे चालणार नाही, नवा काढावा लागेल.